उधारीचे नव्वद दिवस कोणाच्या पैशावर?

*नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशिनिंगचं वर्कशॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मिस्टर आणि दीर चालवतात, अकाउंट्स आणि जीएसटी मी बघते. यंदा टॅक्स जाऊन २७ लाख नफा आहे. चाकणच्या एका कंपनीकडून वर्षाला ९० लाखांची ऑर्डर येतीये, पण त्यासाठी ५० लाखांची नवी व्हीएमसी मशीन घ्यावी लागेल आणि पेमेंट ९० दिवसांनी. दीर म्हणतात डोळे झाकून घेऊ. मुलगा एमबीए करतोय, तो म्हणतो आपला ईव्हीए मायनस आहे, ही ऑर्डर घेतली तर अजून मायनस जाईल. नफा असताना मायनस कसं काय? बॅलन्सशीट आणि ऑर्डरचं कॉस्टिंग सोबत पाठवलंय. कोणाचं ऐकू? – एक वाचक, भोसरी*

ताई, ऑर्डर घ्या पण नव्वद दिवसांवर घेऊ नका. मशीनवरून घरात वाद चाललाय, पण तुम्ही पाठवलेले कागद बघितले तर पैसा फक्त मशीनमध्ये नाही, त्या उधारीतही मोठा अडकतोय, आणि ते कसं हे समजायला आधी तुमच्या मुलाचा मुद्दा नीट समजून घ्यावा लागेल, कारण तो बराचसा बरोबर बोलतोय.

तुमच्या नफ्यातून बँकेचं व्याज वजा झालेलं आहे. बँकेने पैसे दिले, तिचं भाडं तिने घेतलं, ते खर्चात आलं. पण धंद्यात बँकेपेक्षा जास्त पैसा तुमच्या घरचा आहे आणि त्या पैशाचं भाडं कुठेच लागलेलं नाही, तो फुकट मिळालाय असं धरूनच २७ लाखांचा आकडा येतो. ईव्हीए, इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड, म्हणजे एवढंच, की धंद्यात जेवढा पैसा अडकलाय, बँकेचा असो की घरचा, त्या सगळ्याचं भाडं लावायचं आणि मग काय उरतं ते बघायचं. हे नाव न्यूयॉर्कच्या स्टर्न स्टुअर्ट नावाच्या सल्लागार फर्मने रजिस्टर करून गाजवलं, पण विचार जुना आहे, अल्फ्रेड मार्शल या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्येच लिहिलं होतं की मालकाच्या स्वतःच्या भांडवलावरचं व्याज वजा केल्यावर जे राहतं तीच त्याची खरी कमाई. आपल्याकडे इन्फोसिसच्या वार्षिक अहवालात ईव्हीएचं वेगळं पान असायचं आणि गोदरेज कन्झ्युमरने मॅनेजर लोकांच्या पगाराचा बदलता भाग याच्याशी जोडला. म्हणजे मुलगा कॉलेजातलं काहीतरी पुस्तकी सांगतोय असं घरात कोणी म्हणत असेल तर तसं नाहीये.

आता तुमच्याच बॅलन्सशीटवर करू. धंद्यात किती पैसा अडकलाय ते आधी. मशिन्स घसारा जाऊन १ कोटी १० लाखांची, शेड २० लाखांना, बँकेत ५ लाख. गिऱ्हाइकांकडून येणी ९० लाख आणि माल ४० लाख, त्यातून मटेरियलवाल्यांची देणी ४५ लाख वजा, म्हणजे ८५. देणी वजा का करायची, तर तो पैसा सप्लायरने लावलाय, त्याचं भाडं त्याने मटेरियलच्या रेटमध्ये आधीच घेतलेलं असतं. सगळं मिळून २ कोटी २० लाख. यातले ८० लाख बँकेचे, टर्म लोन आणि कॅश क्रेडिट धरून, आणि १ कोटी ४० लाख तुमचे.

दुसरं, कमाई किती. इथे व्याजाच्या आधीचा नफा घ्यायचा, कारण पैशाचं भाडं आपण शेवटी एकदाच लावणार आहोत, आणि इथे लोक हमखास चुकतात, टॅक्सनंतरच्या नफ्यातून परत सगळ्या भांडवलाचा खर्च वजा करतात म्हणजे बँकेचं व्याज दोनदा कापलं जातं. तुमचा व्याजाआधीचा नफा ४४ लाख. त्यावर २५ टक्के टॅक्स धरला तर ३३ लाख राहतात. (तुमच्या कंपनीला सवलतीचा २२ टक्क्यांचा दर लागलाय, सरचार्ज आणि सेस धरून तो २५.१७ होतो, मी सोपं जावं म्हणून २५ धरलाय.)

तिसरं, भाडं. बँकेचं सोपं आहे, १० टक्के व्याज, ते खर्चात धरून टॅक्स वाचतो म्हणून खरा खर्च साडेसात टक्के, ८० लाखांवर ६ लाख. घरच्या पैशाचं काय धरायचं यावर मात्र भांडणं होतात, कारण त्याचं बिल कोणी पाठवत नाही. मी असा विचार करतो: हाच पैसा शांतपणे एफडीत ठेवला तर सहा-सात टक्के मिळतील, इंडेक्स फंडात लांब मुदतीला माणूस अकरा-बारा टक्क्यांची अपेक्षा ठेवतो आणि हवं तेव्हा काढूही शकतो. तुमचा पैसा लेथ आणि व्हीएमसीत आहे, उद्या काढायचा म्हटलं तर निघणार नाही, लिस्ट बघितली तर दोन गिऱ्हाइकांवर बहुतेक धंदा उभा आहे, आणि बँकेला दोघा भावांनी पर्सनल गॅरंटीही दिलीये. एवढ्या रिस्कला १८ टक्के मागणं मला रास्त वाटतं. १ कोटी ४० लाखांवर १८ टक्के म्हणजे २५ लाख २० हजार. बँकेचे ६ मिळवले की ३१ लाख २० हजार, सरासरी १४ टक्क्यांच्या जरा वर.

३३ मधून ३१.२ गेले, उरले १ लाख ८० हजार. म्हणजे कागदावर तुमचा ईव्हीए थोडासा प्लस आहे. मुलाने बहुतेक घरच्या पैशाला २० टक्के धरले असतील, मग तो एक लाखाने मायनस येतो, आणि १५ धरले तर ६ लाख प्लस. हा आकडा किती नाजूक आहे ते यावरून दिसेल, त्यामुळे प्लस-मायनसवर भांडू नका. त्याऐवजी असं बघा की तुमच्या १ कोटी ४० लाखांवर २७ लाख सुटले म्हणजे १९.३ टक्के, आणि मग घरात सगळ्यांना विचारा की एवढ्या रिस्कला हे पुरेसं वाटतं का.

पण ताई, त्या १९.३ मध्ये एक मोठी खोट आहे आणि ती मला तुमच्या पगाराच्या शीटमध्ये दिसली. दोघे भाऊ महिन्याला तीस-तीस हजार घेतात. सकाळी आठ ते रात्री आठ शॉप फ्लोअरवर उभा राहणारा, सेटिंग करणारा, गिऱ्हाइकाच्या क्वालिटीवाल्याला तोंड देणारा माणूस बाहेरून ठेवायचा म्हटला तर पंच्याहत्तर हजारांच्या खाली मिळेल असं मला वाटत नाही. आणि तुमचं नाव त्या शीटमध्ये नाहीच. अकाउंट्स, जीएसटी रिटर्न, येणी वसूल करायला फोन, हे सगळं तुम्ही करता आणि कंपनीच्या खर्चात त्याचा एक रुपया नाही. अर्धवेळ अकाउंटंटचे वीस हजार धरा. दोघांचे वरचे ४५-४५ हजार आणि तुमचे २० मिळून महिन्याला १ लाख १० हजार, वर्षाला १३ लाख २० हजार, टॅक्स जाऊन ९ लाख ९० हजार. ते वजा केले की ईव्हीए ८ लाखांनी मायनस, आणि घरच्या पैशावर जेमतेम १२ टक्के सुटतात. म्हणजे नफा म्हणून जे दिसतंय त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग तुम्हा तिघांची न घेतलेली मजुरी आहे, ती भांडवलाची कमाई नाही. हे मी जोर देऊन सांगतोय कारण छोट्या घरगुती कंपन्यांत ईव्हीए काढताना हीच गोष्ट सगळ्यात आधी सुटते, मोठ्या कंपन्यांत सगळ्यांना पगार असतो म्हणून तिथल्या पद्धतीत ही पायरी सापडतच नाही.

शेडचं एका वाक्यात सांगतो. २० लाख ही जुनी पुस्तकी किंमत आहे, आजच्या भावाने धरली तर ईव्हीए अजून खाली जाईल, पण या ऑर्डरच्या निर्णयात ती आणू नका, कारण ऑर्डर घेतली काय न घेतली काय शेड तीच राहणार आहे.

आता ऑर्डर. इथे फक्त ऑर्डरमुळे जे नवीन येतं आणि जातं तेवढंच मोजायचं. कॉस्टिंगप्रमाणे ९० लाखांच्या बिलात मटेरियल ४५, ऑपरेटर, लाइट, इन्सर्ट-टूलिंग, टेम्पो मिळून २८, मशीनचा घसारा दहा वर्षांनी ५, म्हणजे व्याजाआधी १२ लाख. भाऊजींनी त्यातून ५० लाखांच्या लोनचं व्याज ५ लाख वजा केलं, ७ राहिले, टॅक्स जाऊन सव्वापाच लाख, म्हणून ते म्हणतात डोळे झाकून घ्या. हिशोब चुकीचा नाही पण अर्धा आहे. पैसा फक्त मशीनला लागत नाहीये. नव्वद दिवसांची उधारी म्हणजे वर्षाच्या बिलाचा चौथा हिस्सा कायम गिऱ्हाइकाकडे पडून, साडेबावीस लाख. बार, फोर्जिंग, अर्धवट माल मिळून साडेसात लाख. स्टीलवाला महिन्याची उधारी देतो ते साधारण ४ लाख वजा. एकूण २६ लाख, मशीनच्या निम्म्याहून जास्त, आणि ते कॉस्टिंगमध्ये कुठेच नाहीत. शिवाय जीएसटी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचा आणि गिऱ्हाइकाकडून तो नव्वद दिवसांनी यायचा, त्याची भर वेगळीच, ती मी धरलेली नाही.

म्हणजे ७६ लाख अडकणार. १४ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं भाडं १० लाख ६४ हजार. कमाई १२ लाख, टॅक्स जाऊन ९. पहिल्या वर्षी १ लाख ६४ हजार मायनस. (मशीन सगळी लोनवर घेतली तरी १० टक्के का नाही धरायचे, असं भाऊजी विचारतील. कारण बँक तुम्हाला लोन देते ती तुमचे १ कोटी ४० लाख खाली उभे आहेत म्हणून देते, आणि आज लोनने भरलं तर पुढच्या कामाला तेवढं लोन मिळणार नाही. त्यामुळे प्रत्येक कामाला सरासरी दर लावायचा.)

इथे मुलगा म्हणेल, बघा मी सांगत होतो. त्याला म्हणावं थांब, हे फक्त पहिलं वर्ष आहे. मशीनची पुस्तकी किंमत दर वर्षी ५ लाखांनी उतरते, तसं भाडंही उतरतं, त्यामुळे तेच काम, तोच रेट, पण चौथ्या वर्षी ईव्हीए ४६ हजार प्लस होतो आणि दहाव्या वर्षी साडेचार लाखांच्या वर जातो. मशीन काही सुधारलेली नसते, तिची पुस्तकातली किंमत घटलेली असते. ईव्हीएचा हा दोष माहीत असायलाच हवा, कारण यामुळे जुनी झिजलेली मशिन्स चालवणारा वर्कशॉपवाला कागदावर हुशार दिसतो आणि नवी मशीन घेणारा मूर्ख दिसतो, आणि वर्षाच्या ईव्हीएवर बक्षीस मिळणारा मॅनेजर नवी मशीन घ्यायचं टाळतच राहतो. त्यामुळे मशीनचा निर्णय एका वर्षाच्या आकड्यावर कधीच करायचा नाही, सगळ्या वर्षांचे ईव्हीए १४ टक्क्यांनी आजच्या पैशात आणून बेरीज करायची. ती बेरीज दहा वर्षं धरून येते ४ लाख प्लस. एक्सेलमध्ये कॅश फ्लोचा एनपीव्ही, म्हणजे सगळ्या कॅश फ्लोची आजच्या पैशातली बेरीज, काढला तरी हेच उत्तर यायला हवं, मुलाला दोन्हीकडून करायला सांगा, वेगळं आलं तर कुठेतरी भांडवल धरायचं राहिलंय असं समजा.

मग ४ लाख प्लस आहे तर घ्यायची का? नव्वद दिवसांवर नाही, कारण ते ४ लाख फार पातळ आहेत. दहा वर्षं तोच पार्ट, तोच रेट राहील यावर ते उभे आहेत, आणि ऑटोच्या कामात काय होतं ते तुमच्या मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये, मॉडेल बदललं की पार्ट बंद आणि मध्ये परचेसवाला कॉस्ट डाउन मागणार. सुरुवातीलाच रेट फक्त २ टक्के खाली आला तर ते ४ लाख प्लसचे ३ लाख मायनस होतात. आणि पाच वर्षांनी काम बंद पडलं, मशीन अगदी पुस्तकी किमतीला विकली गेली तरी आजच्या पैशात दीड लाख तोटा, आणि पुस्तकी किंमत मिळेलच असंही नाही.

आता फक्त ९० चे ४५ दिवस करा, बाकी काही बदलू नका. येणी सव्वाअकरा लाखांनी कमी होतात आणि वर्षाचं भाडं १ लाख ५७ हजारांनी उतरतं. पहिल्या वर्षी जवळपास शून्य, पुढे दर वर्षी प्लस, दहा वर्षांची बेरीज ४ वरून १२ लाखांवर. २ टक्के कॉस्ट डाउन दिल्यावरही ५ लाख राहतात. पाच वर्षांत काम बंद पडलं तरी जवळपास ४ लाख प्लस. त्याच मशीनवर, त्याच ऑपरेटरने, त्याच रेटमध्ये.

म्हणून परचेसवाल्याशी बोलताना पीसच्या रेटवर दहा-वीस पैशांसाठी तासभर घालवण्याआधी दिवसांवर बोला. तुमच्या हातात कायदाही आहे. उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो, उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. आणि २०२३ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आणलं, त्यात मुदतीत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाइक कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे त्यांचे अकाउंट्सवाले हल्ली या विषयाला घाबरतात. मला माहितीये की नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच मीटिंगला कायदा दाखवला तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, म्हणून कलमं वाचून दाखवू नका, कोटेशनवर उद्यम नंबर आणि ४५ दिवस छापून द्या आणि बोलणं तिथून सुरू करा.

ते नव्वदवर अडूनच बसले तर त्याची किंमत मागा. ते वरचे ४५ दिवस तुम्हाला टॅक्सनंतर १ लाख ५७ हजारांना पडतात, टॅक्सआधी २ लाख १० हजार, ९० लाखांच्या बिलावर सव्वादोन-अडीच टक्के. दोन कोटेशन द्या, एक ४५ दिवसांचं, दुसरं ९० दिवसांचं आणि अडीच टक्के जास्त. तिसरा रस्ता म्हणजे मटेरियल त्यांनीच द्यायचं आणि तुम्ही फक्त लेबरवर काम करायचं. बिल ४५ लाख होईल, टर्नओव्हर लहान दिसेल आणि भाऊजींना ते आवडणार नाही, पण मटेरियलवर तुम्ही मार्जिन लावलेलंच नाहीये कॉस्टिंगमध्ये, मग दुसऱ्याच्या स्टीलमध्ये स्वतःचा पैसा घालून नव्वद दिवस थांबायचं कशाला. रिजेक्शन झालेल्या पीसच्या मटेरियलचे पैसे कोण भरणार ते मात्र परचेस ऑर्डरमध्ये आधी लिहून घ्या, लेबरच्या कामात भांडणं तिथेच होतात.

आणि ती कंपनी ट्रेड्सवर आहे का ते विचारा, आरबीआयच्या परवानगीने चालणारे बिल डिस्काउंटिंगचे प्लॅटफॉर्म आहेत हे, २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची केलीये. तुमचं बिल त्यांनी मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, रेट तुमच्या नाही तर त्यांच्या क्रेडिटवर ठरतो, आणि त्यांनी पुढे पैसे बुडवले तरी बँक तुमच्या दारात येत नाही. समजा ९ टक्के पडले तरी साडेबावीस लाखांवर वर्षाला २ लाख, टॅक्स जाऊन दीड. तेच साडेबावीस लाख स्वतःचे अडकवले तर भाडं सव्वातीन लाखांच्या जवळ जातं. नोंदणी असूनही बिलं मान्य करायला महिना लावणाऱ्या कंपन्या असतात, म्हणून त्यांच्या एखाद्या जुन्या सप्लायरला आधी फोन करून विचारा की माल पोचल्यापासून बिल मान्य व्हायला किती दिवस जातात. तो आकडा ४५ च्या आत असेल तर मशीनचं बुकिंग करायला हरकत नाही.

जुन्या धंद्यातही हेच बघा. तुमची ९० लाखांची येणी ४ कोटींच्या टर्नओव्हरवर म्हणजे सरासरी ८२ दिवस होतात. टॅलीमधून गिऱ्हाइकवार एजिंग काढा, कोण किती दिवस लावतो ते नावानिशी समोर ठेवा आणि प्रत्येकाच्या येण्यावर १४ टक्के लावून बघा. मला वाटतं एखादं मोठं, जुनं, ज्याचा घरात सगळ्यांना अभिमान आहे असं गिऱ्हाइक त्यात तोट्याचं निघेल, तेव्हा ती शीट बनवताना दोघे भाऊ समोर बसलेले असू द्या. आणि पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार सुरू करा, सीएला सांगून रीतसर, बँकेतून.